बाबांचा पेसमेकर आणि मोपचं चेकिंग

अरे, बाबांना घेऊन पहिल्यांदाच विमानाने चाललायस ना, मग पेसमेकरचं कार्ड बॅगेत नको, त्यांच्या शर्टाच्या खिशात असू दे, कारण बॅग आधीच एक्स-रेच्या पट्ट्यावर गेलेली असते. गोव्याचा मोप विमानतळ असो की दाबोळी, सीआयएसएफवाला समोर आला की मेटल डिटेक्टरच्या दारात पाय टाकायच्या आधीच कार्ड दाखवून सांगायचं, "सर, पेसमेकर है, हाथ से चेक कीजिए." त्या दारातून नेहमीच्या चालीने गेलं तर सहसा काही होत नाही, फक्त चौकटीला टेकून किंवा आत थांबून राहायचं नाही. खरी काळजी त्याच्या हातातल्या डिटेक्टरच्या दांडीची, ती छातीवर डाव्या खांद्याखाली धरून ठेवली किंवा पुन्हापुन्हा फिरवली तर तिच्या चुंबकीय क्षेत्राने पेसमेकर थोडा वेळ गडबडू शकतो. चक्कर, धडधड वाटली तर लगेच बाजूला व्हायचं, लांब गेलं की तो सहसा पूर्ववत चालतो. आईच्या बदललेल्या गुडघ्याचं वेगळं, तिथे धोका काहीच नाही पण बीप बहुतेक होणारच आणि कार्ड असलं तरी तपासणी चुकत नाही, म्हणून कुठला गुडघा ते आधीच सांगायचं. बांगड्या मात्र कमी घालायला सांग, नाहीतर नक्की काय वाजलं तेच कळत नाही बघ.