भाषांतर तपासायला कोणी नसेल तर जुन्या पेपरवर प्रॅक्टिस कशी करायची?

प्रश्न: यूपीएससी मेन्सच्या कंपल्सरी मराठी पेपरला भाषांतराचे दोन प्रश्न असतात. जुने पेपर डाउनलोड केलेत, रोज एक उतारा करतोय, पण बरोबर आहे की चूक हेच कळत नाही. मॉडेल आन्सर मिळत नाही, तपासून द्यायला कोणी नाही. तुम्ही कसं केलं?

उत्तर:

मी नाशिकचा, मेन्स दोनदा दिलीये. पहिल्या वेळी मीही हेच करत होतो, अभ्यासिकेत बसून उतारा उतरवायचा, वही मिटायची आणि झालं म्हणायचं. एका क्लासला वही तपासायला दिली होती, तिथून सगळीकडे बरोबरची खूण आणि खाली 'गुड' एवढंच आलं, त्यात काय समजणार. वीसेक उतारे झाल्यावर लक्षात आलं की मी त्याच चुका जास्त स्पीडने करतोय.

मग एका सीनियर ताईने सांगितलं की आन्सर की तुझ्या हातातच आहे. म्हणजे असं, इंग्रजी उताऱ्याचं आज मराठी करायचं, ते वहीच्या डाव्या पानावर लिहायचं आणि उजवं पान कोरं सोडायचं. मूळ पेपर बाजूला. आठवड्याने फक्त आपलं मराठी वाचून उजव्या पानावर परत इंग्रजी करायचं, आणि मग पेपर काढून छापील इंग्रजीशी ताडून बघायचं. आठवडा यासाठी की दोन दिवसांत मूळ वाक्यं डोक्यात असतात, मग आपण भाषांतर नाही, आठवण लिहितो. शिवाय एकाच उताऱ्यावर दोन्ही दिशांची प्रॅक्टिस होते, कारण पेपरात दोन्ही असतात, इंग्रजीतून मराठी 20 मार्क आणि मराठीतून इंग्रजी 20.

एक वाक्य करून दाखवतो. पेपरातलं नाही, त्या साच्यावर मीच बनवलंय, आणि इंग्रजीही देवनागरीतच टाइप करतोय, मोबाइलवर कीबोर्ड बदलत बसायचा कंटाळा आहे. 'द व्हिलेजर्स, हू हॅड नेव्हर सीन सच अ फ्लड, रिफ्यूज्ड टु लीव्ह देअर होम्स अन्टिल द वॉटर रीच्ड द टेम्पल स्टेप्स.'

माझी सुरुवातीची पद्धत बघा: 'गावकरी, ज्यांनी असा पूर कधी पाहिला नव्हता, त्यांनी त्यांची घरे सोडण्यास नकार दिला जोपर्यंत पाणी मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत पोहोचले नाही.'

आठवड्याने याचं इंग्रजी करताना शेवटी काय येणार? 'अन्टिल द वॉटर डिड नॉट रीच.' आपल्यातली निम्मी पोरं परीक्षेत हेच लिहून येतात. मराठीत 'जोपर्यंत' बरोबर 'नाही' लागतं, इंग्रजीत 'अन्टिल'च्या पोटातच ते नाही असतं, म्हणून वेगळं 'नॉट' घातलं की अर्थ उलटा होतो. व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम मी दहादा वाचला असेन, पण स्वतःच्या वहीत छापील वाक्याशेजारी ती चूक बघितली तेव्हा डोक्यात बसला. आता मराठीतून इंग्रजीच्या उताऱ्यात 'जोपर्यंत... नाही' दिसलं की मी पेन्सिलने त्या 'नाही'भोवती गोल करतो, म्हणजे इंग्रजीत ते गळायला हवं हे लक्षात राहतं.

पण या पद्धतीत एक मोठी गोम आहे आणि ती मला फार उशिरा कळली. ते 'अन्टिल' सोडलं तर माझं बाकीचं वाक्य परत इंग्रजीत जवळजवळ जसंच्या तसं आलं. मी खुश. पण ते आलं कारण मराठी मुळात मराठी नव्हतंच, इंग्रजीच्या सांगाड्यावर मराठी शब्द चढवलेले, मग परत जाताना रस्ता सरळच ना. म्हणजे शब्दाला शब्द ठेवणारा माणूस या टेस्टमध्ये पैकीच्या पैकी मार्क घेऊन जाईल आणि त्याचं मराठी कुणाला वाचवणार नाही.

म्हणून दुसरी चाळणी लागते, ज्याने इंग्रजी बघितलेलं नाही अशा माणसाला मराठी वाचून दाखवायचं. मी आईला वाचून दाखवलं, ती मेथी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, 'कुणाची घरं? दुसऱ्यांची सोडायची होती का?' बरोबरच होतं तिचं. 'त्यांची' म्हटलं की भलत्यांची वाटतात, जो करतो त्याचीच वस्तू असेल तर मराठीत 'आपली' येतं, नाहीतर काहीच येत नाही. इंग्रजीत मात्र 'देअर' लागतंच. आणि 'गावकरी, ज्यांनी...' म्हणून मध्ये थांबलो तेव्हा ती म्हणाली, 'पुढे बोल की.' त्या स्वल्पविरामापाशी मराठी ऐकणारा अडकतो, कारण आपल्याकडे माणसाची ओळख त्याच्या आधी सांगून टाकतात.

मग ते असं झालं: 'असा पूर कधीच न पाहिलेले ते गावकरी, पाणी देवळाच्या पायऱ्यांना लागेपर्यंत घरे सोडायला तयारच झाले नाहीत.' 'लागेपर्यंत' आल्यावर 'जोपर्यंत... नाही'चं लचांडही गेलं. 'नकार दिला' ठेवलं तरी चूक नाही. पण 'तयार झाले नाहीत' एवढंच लिहिलं तर आठवड्याने ते 'वेअर नॉट रेडी' होऊन येतं, म्हणजे 'रिफ्यूज्ड'मधला हट्ट मराठीतच सांडला, त्या 'च'ने तो थोडा परत येतो. 'होम्स'चं 'हाउसेस' होऊन आलं तर सोडून द्या, प्रत्येक वेगळा शब्द चूक नसतो. मी एकच प्रश्न विचारतो, कुणी काय केलं, कधी केलं आणि किती ठामपणे केलं, यातलं काही बदललं का?

मराठी उताऱ्याला हीच फेरी उलटी चालते. तिथे माझं घोडं '-ऊन'वर अडायचं. 'पहाटे उठून, देवपूजा करून, दोन भाकऱ्या बांधून तो शेतावर गेला' याचं मी 'गेटिंग अप, वर्शिपिंग, टाइंग' अशी आगगाडी करायचो. इंग्रजीत सरळ क्रियापदं ओळीने ठेवा, 'ही गॉट अप अॅट डॉन, सेड हिज प्रेयर्स, पॅक्ड टू भाकरीज अँड वेंट टु द फील्ड.' 'बांधून'चं 'टाइड' केलं तर भाकरी दोरीने बांधल्यासारखी वाटते. 'भाकरी' तशीच ठेवली तर चालते, 'ब्रेड' केलं की पाव होतो.

वेळेचं म्हणाल तर 300 मार्कांना 180 मिनिटं, म्हणजे 20 मार्कांच्या उताऱ्याला 12. मी 2 मिनिटं नुसतं वाचायला, 8 लिहायला, 2 परत बघायला ठेवायचो. परत बघताना मूळ उतारा झाकून फक्त आपलं वाचायचं, आईवाली चाळणी तेवढ्यात स्वतःच लावायची. आणि मी इथे बोलतोय तसं 'घरं, झालं' पेपरात नको, 'घरे, झाले' असं प्रमाण लिहा. अडलेल्या शब्दाची जागा कोरी सोडू नका, दोन साध्या शब्दांत अर्थ लिहा.

पेपर क्वालिफाइंग आहे, 25 टक्के म्हणजे 75 मार्क लागतात, त्यामुळे दिवसाचे दोन तास घालवू नका. मी आठवड्याला दोन नवे उतारे आणि मागच्या आठवड्यातल्या दोन्हींची परत फेरी, एवढंच केलं. सगळ्यात जुन्या पेपरपासून सुरू करा आणि शेवटच्या दोन वर्षांचे हात न लावता ठेवा, ते घड्याळ लावून पूर्ण तीन तासांचा पेपर सोडवायला लागतील.