मानेवरच्या चामखिळी आणि रक्तातली साखर

प्रश्न: मानेवर आणि काखेत मऊ, लोंबणाऱ्या बारीक चामखिळी आल्यात. दुखत नाहीत. तशाच राहू दिल्या तर चालतील का?

चालतील. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, अशा चामखिळी रोज बघते. बारीक देठावर लोंबणारी, बोटाने इकडेतिकडे हलणारी, कातडीच्या रंगाची किंवा जराशी काळसर असेल, तर आत थोडे कोलॅजनचे तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या, एवढंच असतं. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. एक काढली की दहा येतात, हेही खरं नाही. कातडीला कातडी घासते तिथे नव्या येत राहतात, काढल्या तरी आणि नाही काढल्या तरी.

मी मात्र चामखिळीच्या आजूबाजूची कातडी आधी बघते. मान मागून काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली आहे का? शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसलं की स्वादुपिंड ते जास्त तयार करतं, आणि हे जादा इन्सुलिन कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं. त्यातूनच काळी मान आणि चामखिळी अनेकदा जोडीने येतात. चाळिशीतल्या एक ताई माझ्याकडे आल्या त्या मंगळसूत्र अडकतं म्हणून. मानेवरचा काळेपणा त्या मळ समजून घासत होत्या, त्याने कातडी सोलवटली होती. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करायला लावली, ती ६.२ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. त्यांना कसलाच त्रास जाणवत नव्हता. तुमची मानही तशी दिसत असेल, वजन वाढलं असेल किंवा घरात कुणाला साखर असेल, तर ही तपासणी करून घ्याच.

घोड्याचा केस किंवा दोरा बांधू नका. रक्तपुरवठा अर्धवट तुटला तर चामखीळ सुजते, पिकते, आणि साखर असेल तर जखम चिघळते. चुना-सोड्याने तर भोवतालची चांगली कातडी भाजते. काखेतले असे व्रण मी पाहिले आहेत. कधी देठाला आपोआप पीळ बसून चामखीळ एकदम काळी पडते, दुखते आणि काही दिवसांत गळून जाते. घाबरायचं कारण नसतं, पण एकदा दाखवा.

देठ नसलेली, कडक, दोन-तीन रंगांची, झपाट्याने वाढणारी किंवा धक्का न लागता रक्त येणारी गाठ असेल, तर तिला चामखीळ समजून बसू नका. ती काढून बायोप्सीला पाठवावी लागते.

दागिन्यात किंवा ब्लाउजच्या कडेत अडकत असतील तर काढून घ्या. सुन्न करणारं मलम लावून कात्रीने किंवा कॉटरीने, म्हणजे विजेच्या उष्णतेने जाळून, काढतात, बहुतेक वेळा टाका लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.