17 टक्के वाढ नेमकी कशावर?

प्रश्न: बँकांच्या पगारकराराच्या बातमीत 17 टक्के वाढ म्हटलं होतं. मी क्लार्क आहे. माझं बेसिक 17,900 वरून 24,050 झालं, म्हणजे 34 टक्के, पण हातात तेवढे वाढले नाहीत. बँकेने गणित चुकवलं का?

गणित बहुधा बरोबर आहे. तुम्ही लावताय ते दोन्ही टक्के वेगवेगळ्या गोष्टींवरचे आहेत.

8 मार्च 2024 ला आयबीए ही बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात सही झालेल्या बाराव्या द्विपक्षीय करारातले 17 टक्के सगळ्या बँकांच्या मिळून 2021-22 च्या पगारखर्चावर आहेत. सरकारी बँकांसाठी ती रक्कम 12,449 कोटी होती. आधी ही थैली ठरते, मग त्यातून बेसिक, विशेष भत्ता, बाकीचे भत्ते यांत वाटप होतं. त्यामुळे कुणाच्याही स्लिपवर नेमके 17 टक्के दिसतीलच असं नाही.

आता तुमचं बेसिक. जुन्या करारात महागाई निर्देशांकाच्या 6352 अंकांच्या वर दर 4 अंकांना बेसिकच्या 0.07 टक्के डीए, म्हणजे महागाई भत्ता, मिळायचा. नव्या कराराने 8088 अंकांपर्यंतचा डीए बेसिकमध्ये मिसळला. 1736 अंकांचे 434 टप्पे, म्हणजे 30.38 टक्के डीए. 17,900 वर तो 5,438 रुपये होतो, आणि दोन्ही मिळून 23,338. हे पैसे तुम्हाला आधीपासून मिळतच होते, फक्त डीएच्या ओळीत. त्यावर 3 टक्के लोड, म्हणजे बेसिकमधली खरी वाढ, धरला की 24,038 येतात, आणि स्केलची सुरुवात 24,050 ला ठेवली आहे. थोडक्यात, 6,150 च्या उडीत नवीन भर साधारण 712 रुपयांची. 8088 च्या पुढचा डीए नव्या बेसिकवर पुन्हा शून्यापासून सुरू होतो, म्हणून ती ओळ एकदम खाली आलेली दिसते.

मिसळण्याचा फायदा मात्र दुसरीकडे होतो. घरभाडे भत्ता नुसत्या बेसिकवर मोजतात, डीएवर नाही, त्यामुळे बेसिक वाढलं की तोही वाढतो. वाढीचा मोठा हिस्सा विशेष भत्त्यात टाकला आहे. त्यावर डीए मिळतो, पण निवृत्तिलाभ मोजताना तो धरत नाहीत. माझ्या मते या करारातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच, आणि बातम्यांत तिला जागा मिळाली नाही.

एरियर्सचा हिशेबही याच चष्म्यातून तपासा. करार 1 नोव्हेंबर 2022 पासून लागू आहे, म्हणून बरेच जण 6,150 ला महिन्यांनी गुणून बसले आणि मग बँकेवर चिडले. प्रत्येक महिन्याच्या नव्या एकूण पगारातून त्याच महिन्याचा जुना एकूण पगार वजा करायचा असतो. शिवाय एनपीएस या पेन्शन योजनेची कपात बेसिक आणि डीएवर असल्याने फरकातूनही वर्गणी कापली जाते. बिनपगारी रजेचे दिवस असतील तर ते आधी बघा. फरक न जुळण्याचं कारण बरेचदा तिथेच सापडतं.

एरियर्स एकाच आर्थिक वर्षात हातात आल्याने कर वाढला असेल, तर आयकर कायद्याच्या कलम 89 खाली सवलत होती. त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म 10ई ऑनलाइन भरावा लागायचा. तो भरला होता का, हे एकदा तपासून घ्या.