रेफरन्स फोटो देऊनही दागिन्याची डिझाइन का बदलते?

प्रश्न: मॉडेलच्या गळ्यातला हार काढून तिथे आमच्या दुकानातला हार बसवायचा आहे. एआय टूलला आमच्या हाराचा रेफरन्स फोटो देतो, तरी दर वेळी डिझाइन थोडी बदलतेच. तंतोतंत तीच राहावी म्हणून कोणतं टूल वापरू आणि प्रॉम्प्ट काय देऊ?

प्रॉम्प्टनं हे होत नाही. हे वाक्य माझ्या भाच्यालाही मी बऱ्याचदा ऐकवलंय. तो पुण्यात एका जाहिरात कंपनीत आहे आणि त्याचं ठाम मत असं की मामाला प्रॉम्प्ट लिहिता येत नाही.

मी कोल्हापुरात दागिन्यांची फोटोग्राफी आणि रिटचिंग करतो. गुजरीतल्या एका सराफांचं कॅटलॉगचं काम माझ्याकडे असायचं. मग भाच्याच्या कंपनीनं त्यांना पटवलं की शूटची गरजच नाही, दागिन्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवा, मॉडेलच्या गळ्यात आम्ही घालतो. पाठवलेला दागिना कोणता, तर कोल्हापुरी साज. म्हणजे या कामाला सगळ्यात अवघड तोच.

साज माहीत नसेल तर सांगतो. परंपरेनं त्याला 21 पानं असतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक आणि पाचूची, एक ताईत. मध्येमध्ये मणी. हल्ली हलके, कमी पानांचे साजही करतात, पण या सराफांचा पूर्ण 21 पानांचा होता, मत्स्य-कूर्मासकट.

कॅटलॉगची प्रूफं आली तेव्हा मी दुकानात दुसऱ्याच कामासाठी बसलो होतो. लांबून चित्र झकास. त्वचा, साडी, सोन्याचा रंग, कशालाच नाव ठेवायला जागा नाही. सराफांनी प्रूफ मागच्या खोलीत त्यांच्या कारागिराकडे दिलं. म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ नेला आणि चिमट्याचं टोक एकेका पानावर ठेवत मोजायला लागला. "एकोणीसच हाईत," म्हणाला. मग परत पहिल्यापासून. "आन् हितं मासा कुटं हाय? ह्ये फूल हाय. कासवाच्या जागी बी फूलच." थोड्या वेळानं वर बघून त्यानं मालकांना विचारलं, "ह्यो साज कुणी घडवला? आपला न्हवं ह्यो."

सराफ माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच केलंय. भाच्याला फोन लावला तर म्हणतो, "मामा, एवढं कोण मोजतंय?" गिऱ्हाईक मोजतं, बाबा. फोटो दाखवून 'हाच द्या' म्हणतं.

आता असं का होतं ते. तुमच्या प्रश्नात गृहीत धरलंय की टूल रेफरन्स 'बघून' तो उतरवून काढतं. चित्रं काढणाऱ्या स्टेबल डिफ्यूजन या एआय मॉडेलला रेफरन्स फोटो दाखवायला वापरतात त्या आयपी-अ‍ॅडॉप्टरचं उदाहरण घ्या. तुमचा रेफरन्स 45 मेगापिक्सेलचा का असेना, तो आधी 224 बाय 224 पिक्सेलचा होतो. फोटो लांबट असेल तर साधारणपणे मधला चौकोन घेतला जातो आणि दोन्ही कडा कापल्या जातात, म्हणजे साजाची टोकं तिथेच गेली. उरलेल्या चित्राचं सार साध्या आवृत्तीत 4 टोकनांत, म्हणजे आकड्यांच्या चार गठ्ठ्यांत, आणि 'प्लस' आवृत्तीत 16 टोकनांत बसवलं जातं. फोनवरून वर्णन ऐकून चोराचं स्केच काढतात, तसला प्रकार. 'सोन्याचा, पानापानांचा, मध्ये लाल खडा' एवढं पोचतं. चौथं पान नृसिंहाचं आहे हे पोचत नाही.

दुसरी गळती चित्र काढताना होते. मॉडेलचा फोटो समजा 4000 बाय 6000 पिक्सेलचा आहे आणि साजाचं एक पान त्यात 40 पिक्सेल रुंद आहे. अख्खा फोटो 1024 पर्यंत लहान करून दिलात तर पान 7 पिक्सेलचं राहतं. त्यात ही एआय मॉडेलं पिक्सेलवर काम करत नाहीत. ती 8 बाय 8 पिक्सेलचं एक घर करून त्या घरांवर काम करतात. म्हणजे तुमच्या मत्स्यावताराला एक अख्खं घरही मिळालं नाही. त्यात मासा कसा मावणार? टूल तिथे फूल काढतं, कारण सोन्याच्या बारीक ठिपक्यात बहुतेक वेळा फूलच असतं. त्याउलट चार-पाच पानं मावतील असा 250 पिक्सेलचा तुकडा 1024 पर्यंत मोठा करून दिला, तर तेच पान 160 पिक्सेलचं होतं आणि त्याला रुंदीत वीस घरं मिळतात. त्याचसाठी ऑटोमॅटिक1111 सारख्या प्रोग्रॅममध्ये Inpaint area खाली Only masked, म्हणजे फक्त निवडलेला तुकडा मोठा करून काढ, हे निवडायचं असतं. भाच्याला हा पर्याय कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं, आणि प्रॉम्प्टमध्ये exact same design तीनदा लिहिलं होतं.

पण तुकडे केले तरी डिझाइन टूलकडून काढून घेऊ नका. माझी पद्धत अशी: डिझाइन फोटोतून आणायची आणि टूलकडून फक्त सावली आणि कडा घ्यायच्या.

त्यासाठी रेफरन्स फोटो नीट हवा, आणि सगळी मेख तिथेच आहे. सराफांनी पाठवलेला फोटो लाल मखमलीवर सपाट ठेवलेल्या साजाचा होता, वरून काढलेला. गळ्यात साज सपाट राहत नाही. मधली पानं समोर बघतात, बाजूची वळतात, मानेकडची जवळजवळ कडेनं दिसतात. ही वळलेली पानं सपाट फोटोत नाहीतच, मग टूल ती मनानं रचणार. मी साज बस्टवर, म्हणजे गळ्या-खांद्यांच्या पुतळ्यावर चढवला, राखाडी पार्श्वभूमीवर. मॉडेलच्या फोटोत प्रकाश डावीकडून वरून होता, तसाच ठेवला. कॅमेऱ्याची उंची आणि लेन्सही तीच. लाल मखमल तर नकोच, तिचा लाल रंग सोन्यात उतरतो आणि नंतर निघता निघत नाही.

मग मॉडेलच्या गळ्यातला जुना हार काढला. हे काम टूल उत्तम करतं, कारण मोकळ्या त्वचेला डिझाइन नसते. साज पेन टूलनं कापून फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून ठेवला आणि वॉर्पनं मानेच्या वळणावर बसवला. बस्टवरच शूट केल्यामुळे वॉर्प थोडाच लागला. खूप ओढावं लागलं तर समजा अँगल चुकलाय, परत शूट करा.

आता टूलची पाळी. मास्क, म्हणजे टूलला बदलू द्यायचा भाग, अख्ख्या साजावर नको. साजाच्या बाहेरची त्वचा, जिथे सावली पडेल, आणि पानांच्या कडेचे आतले दोन-तीन पिक्सेल, एवढाच पट्टा. Denoising strength, म्हणजे टूलनं तिथे किती बदलायचं ते, साधारण 0.3 ते 0.4. त्याहून कमी ठेवलं तर सावली येत नाही, साज चिकटवल्यासारखा दिसतो. 0.6 च्या वर गेलं की कडेचे मणी वितळून एकमेकांना चिकटायला लागतात. हे 100 टक्के झूमवर लगेच कळतं, लहान करून बघितलं तर कळत नाही. म्हणून तर प्रूफात सगळं छान दिसतं.

प्रॉम्प्ट विचारलात, तो हा:

```
soft contact shadow on skin, side light from upper left
```

यात necklace किंवा jewellery लिहू नका. लिहिलंत की टूलला वाटतं दागिना काढायचाय, आणि तुमच्या साजाखालून आणखी एक सर बाहेर डोकावते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. मास्कच्या बाहेरचा भागही जसाच्या तसा राहतोच असं नाही. अख्खं चित्र त्या घरांत जाऊन परत येतं आणि तेवढ्यात बारीक कोरीव काम पुसट होतं. काही प्रोग्रॅम मूळ पिक्सेल आपोआप परत वर ठेवतात. कम्फीयूआय या प्रोग्रॅममध्ये ते ImageCompositeMasked नोडनं स्वतः करावं लागतं. मी तर फोटोशॉपमध्ये मूळ कापलेला साज, कडेचे दोन-तीन पिक्सेल वगळून, शेवटी परत वरच्या लेयरवर ठेवतोच. खालून सावली टूलची, वर पानं कॅमेऱ्याची.

तपासायचं कसं? वरचा मूळ साज Difference मोडवर टाका. जिथे फरक नाही तिथे काळं दिसतं, म्हणून पानांचे चेहरे जवळजवळ काळे दिसले पाहिजेत. फक्त कडांना उजेड दिसला तर चालतं. पानाच्या मध्ये काही चमकलं तर तिथली डिझाइन हलली आहे. आणि मग मोजा. मी हे चित्र त्याच कारागिराकडे नेलं. चिमटा परत 21 वेळा टेकला. एकविसाव्या पानावर तो काही बोलला नाही, कागद बाजूला ठेवून हातातल्या कामाला लागला. त्याच्याकडून एवढंच मिळतं.

भाच्याचं म्हणणं, हे एआय नाहीच, हे तर कोलाज झालं. असू दे की. शूटचा जमाना संपला म्हणून दिवाळीत सगळ्या पाहुण्यांसमोर तूच म्हणाला होतास ना? शेवटी बस्ट, लाइट, लेन्स सगळं लागलंच. फक्त मॉडेलचे दिवसाचे पैसे वाचले, तेही दर डिझाइनला नव्यानं बोलवावं लागलं नाही म्हणून.

आता हेही सांगायला हवं की फ्लक्स कॉन्टेक्स्ट किंवा जेमिनी 2.5 फ्लॅश इमेजसारखी 2025 मध्ये आलेली एआय मॉडेलं रेफरन्स बरीच चांगली धरतात. खुर्ची, मग, बूट, मोठं पदक असलेली साधी चेन, हे एका झटक्यात होऊन जाईल आणि वर लिहिलेला उपद्व्याप करायची गरज नाही. तुमचा हार तसला असेल तर आधी तेच करून बघा. त्यांचं चित्र साधारण 1 मेगापिक्सेलचं असतं आणि त्याच चित्रावर पुन:पुन्हा दुरुस्त्या केल्या तर दर फेरीला थोडं घसरतं, म्हणून प्रत्येक वेळी मूळ फोटोपासून सुरुवात करा. लोरा ट्रेन करायचा, म्हणजे टूलला तुमच्या फोटोंवर थोडं जास्तीचं शिकवायचा सल्लाही कुणीतरी देईल. त्यानं टूलला 'साज कसा असतो' हे कळतं, तुमचा साज कळत नाही, आणि पानं मोजायला तर ते शिकतच नाही.

तुमच्या हाराला किती बारकावे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून टूलचं एकच नाव देत नाही. मास्क आणि स्ट्रेंग्थ हातानं ठरवू देणारं कोणतंही चालेल. आणि मॉडेलचं शूट अजून व्हायचं असेल तर तिला मोकळ्या गळ्यानंच उभी करा, जुना हार काढायचं काम वाचेल.