पुरस्काराच्या भाषणातले आभार कसे आटोपशीर करावेत?

खाडीकाठच्या जमिनीत बांध घालून केल्या जाणाऱ्या खाजन शेतीवरील संशोधनासाठी पणजीत पुरस्कार मिळतोय. भाषणात वीस जणांचे आभार आहेत, काय ठेवू?

‘सर्व सहकाऱ्यांचे आभार’ हे वाक्य वगळून, ज्यांच्यामुळे संशोधनाची दिशा बदलली अशा दोघा-तिघांचेच काम सांगावे. उदाहरणार्थ: ‘बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी अडवण्या-सोडण्याच्या फाटकाची, दारे भरतीला मिटतात आणि ओहोटीला उघडतात, ती वेळ दिवाडीच्या शेतकऱ्यांनी आम्हाला दाखवली, म्हणूनच पाण्याच्या खारेपणाचे नमुने योग्य क्षणी घेता आले.’ उरलेली नावे (मार्गदर्शकांचे सोडून) छापील पत्रिकेत द्यावीत.

याच वाक्याला जोडून एकच संदेश ठेवावा: बांध फुटून खारे पाणी शेतात साचून राहिले, तर खारेपणा सोसणारे कोरगुट भातही हाती लागत नाही, म्हणून बांधांची डागडुजी वेळेत व्हावी. बालपण, विज्ञानाची थोरवी आणि उपकरणांची यादी निःसंकोच कापावी.