उशिरा आणि अर्धवट भाडं घेतलं म्हणून घरमालकाचा हक्क जातो का?

प्रश्न: पुण्यात आमच्या जुन्या वाड्यात एक दुकान भाड्याने आहे. महिना २,००० रुपये. भाडेकरू कधी अर्धे देतो, कधी दोन-दोन महिने उशिरा देतो. मी घेत आलो. आता थकबाकी मागितली तर म्हणतो, "इतकी वर्षं घेतलंत, आता बोलायचा हक्क उरला नाही तुम्हाला." हे खरं आहे का?

उत्तर: नाही. पण त्याच्या म्हणण्यात एक धागा खरा आहे आणि तोच पुढे कोर्टात तुम्हाला अडवू शकतो. मी घरमालक आणि भाडेकरू, दोघांच्याही बाजूने लघुवाद न्यायालयात उभा राहतो. अशा दाव्यांत मालकाचं नुकसान बहुतेक वेळा पैसे घेतल्याने होत नाही, ते पावतीवर काय लिहिलं यामुळे होतं.

आधी पैशांचं बघू. २,०००पैकी १,००० घेतले तर उरलेले १,००० माफ होत नाहीत. करार कायद्याचं कलम ६३ म्हणतं की कमी रक्कम पूर्ण फेड म्हणून स्वीकारली तरच बाकी संपते. "हे घ्या, आता हिशोब पुरा" असं तो म्हणाला आणि तुम्ही तशी पावती दिलीत, तर बाकी गेली. गप्प राहून अर्धे घेतलेत, तर बाकी उभीच आहे. मात्र छापील पावती पुस्तकातून "ऑगस्ट महिन्याचे भाडे मिळाले" अशी पावती फाडण्याची जी सवय असते, ती घातक आहे. ऑगस्टची पावती दाखवून भाडेकरू म्हणतो, मागचं चुकतं झालं म्हणूनच ऑगस्टचं घेतलं ना! मग ते खोटं ठरवायची जबाबदारी तुमच्यावर येते. शिवाय थकलेल्या भाड्याचा दावा साधारणपणे ३ वर्षांच्या आत करावा लागतो, त्यामुळे जुनी थकबाकी नुसती वहीत लिहून ठेवून भागत नाही.

आता ताब्याचं. तुमच्या दुकानाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे असं धरतो. त्याच्या कलम १५ प्रमाणे भाडं देणाऱ्या किंवा द्यायला तयार असणाऱ्या भाडेकरूला काढता येत नाही. थकबाकीसाठी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय दावा लावता येत नाही. भाडेकरूच्या बोलण्यातला खरा धागा इथे आहे. वर्षानुवर्षं उशिरा घेतलंत, कधी हरकत घेतली नाहीत, तर "तो उशिरा देतो" एवढ्यावर कोर्ट तुमचं फारसं ऐकणार नाही. पण नोटीस गेली की ती जुनी सवय संपते. नोटिशीत तसं स्पष्ट लिहा: आजवर सवलत म्हणून उशिरा घेतलं, यापुढे ठरल्या तारखेला पूर्ण भाडं हवं.

(अजूनही पुष्कळ मालक "सहा महिने थकलं की दुकान रिकामं" असं म्हणतात. तो १९४७च्या मुंबई भाडे कायद्यातला नियम होता. नव्या कायद्यात तसा आधार नाही.)

तुमचेच आकडे धरून बघा. जानेवारी ते ऑगस्टचं भाडं १६,००० होतं. त्याने तुकड्यातुकड्याने ९,००० दिले. बाकी ७,०००. नोटीस त्याला ५ सप्टेंबरला पोचली, तर ९० दिवस ४ डिसेंबरला भरतात. मधेच १० ऑक्टोबरला तो यूपीआयने ४,००० पाठवतो आणि सोबत लिहितो, "सप्टेंबर-ऑक्टोबर भाडे". बहुतेक मालक इथे घाबरतात आणि रक्कम परत करायला निघतात. तसं करू नका. भाडं नाकारलंत तर तो कोर्टात "मी देत होतो, यांनी घेतलं नाही" असं दाखवेल. पूर्वी परत आलेल्या मनिऑर्डरींची थप्पी याच कामासाठी जपून ठेवत.

घ्या, पण कशापोटी घेताय ते बघा. करार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे देणाऱ्याने रक्कम कशासाठी ते सांगितलं आणि तुम्ही ती ठेवून घेतलीत, तर ती तिथेच धरावी लागते. म्हणजे हे ४,००० सप्टेंबर-ऑक्टोबरचे, आणि नोटिशीतले ७,००० पूर्ण थकलेलेच. त्याने काहीच लिहिलं नसतं, तर कलम ६० प्रमाणे तुम्ही ते जुन्या बाकीत वळते करू शकला असता. मग नोटिशीतले ३,००० राहिले असते आणि सप्टेंबर-ऑक्टोबर थकले असते. ४ डिसेंबरपर्यंत दुसरं काही आलं नाही, तर नोव्हेंबर धरून एकूण येणं दोन्ही रीतींनी ९,०००च. पण ९० दिवसांत नोटिशीतले सगळे ७,००० आले, तर त्या नोटिशीवर दावा टिकणार नाही. पुढची थकबाकी झाली तर नवी नोटीस.

पैसे आले त्याच दिवशी लेखी पोच द्या, व्हॉट्सॲपवर आणि कागदावरही: "रु. ४,००० मिळाले. आपण कळवल्याप्रमाणे सप्टेंबर व ऑक्टोबरपोटी जमा केले. जानेवारी ते ऑगस्टचे रु. ७,००० येणे बाकी. ही रक्कम नोटिशीतील हक्क राखून स्वीकारली आहे." पावती देणं तुमच्यावर तसंही बंधनकारक आहे. दुकान त्याच्या ताब्यात आहे तोवर भाडं देणं त्याच्यावरही बंधनकारकच आहे, म्हणून चालू भाडं घेतल्याने कलम १५ची नोटीस आपोआप रद्द होत नाही.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. हीच जागा बँकेला किंवा १ कोटी वा त्याहून अधिक भरणा भांडवलाच्या कंपनीला दिली असती, तर भाडे नियंत्रण कायदा लागला नसता. तिथे भाडेपट्टा संपवण्याची नोटीस द्यावी लागते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११३खाली एक उदाहरणच दिलं आहे: नोटिशीची मुदत संपल्यावरचं भाडं मालकाने घेतलं, तर नोटीस सोडून दिली असं होतं. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरूप सिंग गुप्ता यांच्या खटल्यात म्हटलं की नुसतं भाडं घेणं पुरेसं नाही, भाडेपट्टा चालू ठेवायचा मालकाचा इरादा दिसला पाहिजे. म्हणूनच अशा जागेत "भाडे" हा शब्द पावतीवर टाळतात आणि "जागा वापरल्याची भरपाई, हक्क राखून" असं लिहितात.

दावा लागल्यावरही त्याला आणखी एक संधी असते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह त्याने कोर्टात भरली, पुढे नियमित भरत राहिला आणि खर्चही दिला, तर थकबाकीवरून ताबा मिळत नाही. ७,००० वर्षभर थकले तर व्याज १,०५० होतं, म्हणजे त्याला फार जड नाही. ताबा हवा म्हणून दावा करत असाल तर हे आधी मनाशी धरा. पण त्या काळात त्याने एकही महिना चुकवला तर ते संरक्षण धोक्यात येतं. म्हणून दावा चालू असताना त्याला भाडं कोर्टातच भरू द्या आणि न्यायालयाच्या परवानगीने काढून घ्या. कोणत्या तारखेला किती भरलं, हे मग तुमच्या वहीवर अवलंबून राहत नाही.