चहापासून नको, एकादशीपासून सुरुवात कर

तू विकायला काढलेलं शेंगदाण्याचं दूध चवीला चांगलं आहे, पण लेबलवरचा ‘दूध’ शब्द आधी काढ. एफएसएसएआयच्या नियमांत वनस्पतीजन्य पेयाला दूध म्हणता येत नाही, नारळाचं दूध हा अपवाद. आणि सोलापुरात तो शब्द वाचला की आजी लगेच म्हशीच्या दुधाशी तुलना करणार. साय कुठंय, दही लागतं का? तिथं आपण हरतो. ‘शेंगदाणा पेय’ म्हण. शेंगा चटणीच्या गावात शेंगदाण्यावर कुणी शंका घेत नाही.

हे पेय घालून केलेल्या चहाचे नमुनेही वाटू नकोस. मी पहिल्यांदा तेच केलं. आलं घातलेल्या उकळत्या चहात पेय ओतलं आणि फाटलं. कपात पांढरे कण तरंगायला लागले. आंबटपणा नि उष्णतेनं प्रथिनं गोळा होतात. त्या घरात मला पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्यापेक्षा एकादशी धर. सोया, ओट्स उपवासाला चालत नाहीत, शेंगदाणे चालतात. घटक चारच ठेव: शेंगदाणे, पाणी, गूळ, वेलची. पाचवं काही दिसलं की सासूबाई बाटली उलटी करून वाचतात, आणि ‘हे उपासाला चालतं का गं?’ असा प्रश्न आला की विक्री गेलीच. थंडगार, छोट्या बाटलीत दे. तळाशी साका बसतो म्हणून ‘हलवून प्या’ मराठीत ठळक छाप, नाहीतर लोक खराब समजतात. शेंगदाण्याच्या ॲलर्जीची सूचनाही हवीच.

गाईम्हशीच्या दुधाविरुद्ध एक शब्दही लिहू नकोस. अर्ध्या गिऱ्हाइकांच्या गावाकडं गोठा आहे.